वॉटरप्रूफ मस्कारा आणि आयलाइनर न चोळता कसे काढावे? संवेदनशील डोळ्यांना कोणता रिमूव्हर चालतो?

वॉटरप्रूफ मस्कारा पाण्याने निघत नाही, हे त्याच्या नावातच आहे. तरीही रात्री बहुतेक जणी तो फेसवॉश, पाणी आणि टॉवेल यांनीच काढायचा प्रयत्न करतात. पाणी काम करत नाही, मग जोर वाढतो. दोन मिनिटे चोळल्यावर बराचसा रंग टॉवेलला लागतो, थोडा डोळ्यांखाली पसरतो आणि उरलेला पापण्यांच्या मुळाशी तसाच राहतो. सकाळी डोळे चुरचुरतात, कोपऱ्यात काळा मळ जमतो आणि दोष मात्र मस्काऱ्याला दिला जातो.

पिंपरी-चिंचवडमध्ये वॉटरप्रूफ किंवा स्मज-प्रूफ काजळ वापरण्यामागे कारणही तसेच असते. काळेवाडी, रहाटणी, थेरगावातून रोज चाकण, भोसरी किंवा हिंजवडीला कामावर जायचे म्हणजे सकाळी लावलेले आयलाइनर घामात, धुळीत आणि हेल्मेटच्या आत आठ-दहा तास टिकले पाहिजे. साधे काजळ दुपारपर्यंत गालावर उतरते. त्यामुळे ‘वॉटरप्रूफ लावूच नका’ हा सल्ला फारसा कोणी पाळत नाही. लावलेले नीट काढायचे कसे, हे समजून घेणे जास्त उपयोगाचे आहे.

वॉटरप्रूफ मेकअप पाण्याने का निघत नाही?

वॉटरप्रूफ मस्काऱ्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात: रंग, मेण आणि थर धरून ठेवणारे पॉलिमर. हे सगळे आयसोडोडेकेनसारख्या लवकर उडून जाणाऱ्या तेलकट द्रवात मिसळलेले असते. ब्रशने लावल्यावर काही मिनिटांत तो द्रव उडून जातो आणि केसावर मेण व पॉलिमरचा घट्ट थर उरतो. या थराला पाणी भिजवूच शकत नाही. बरीचशी जेल आयलाइनर आणि पेन्सिल काजळेही याच पद्धतीने बनवलेली असतात.

गरम पाण्याने मेण वितळेल असे अनेकांना वाटते, पण तसे होत नाही. मधमाश्यांचे मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते आणि मस्काऱ्यात वापरले जाणारे कार्नोबा मेण 80 अंशांच्याही पुढे. पापणीला सोसेल इतके पाणी फार तर 40 अंशांच्या आसपास असते. म्हणजे गरम पाण्याने मेण वितळत नाही, पापणी मात्र लाल होते.

हा थर काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याला पुन्हा तेलकट द्रव देणे. मस्कारा ज्या प्रकारच्या द्रवात बनवला जातो, त्याच प्रकारचा द्रव परत लागला की थर मऊ होतो, फुगतो आणि केसापासून सुटतो. मात्र याला वेळ लागतो. साधारण अर्धे मिनिट तरी रिमूव्हर त्या थराला लागून राहिला पाहिजे. आपण नेमका तो वेळ देत नाही आणि त्याची भरपाई जोराने करतो. न चोळता मेकअप काढण्याचे सगळे तंत्र या अर्ध्या मिनिटात आहे.

चोळल्याने नेमके काय बिघडते?

पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी एक आहे, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची. रोजच्या घर्षणाने तिचा वरचा संरक्षक थर खरवडला जातो. मग एरवी सहन होणारा साबण किंवा सुगंधही झोंबू लागतो. पापणी कोरडी पडते, तिचे बारीक पापुद्रे निघतात, खाज येते, आणि खाज आली की आपण आणखी चोळतो. अशा रीतीने हे चक्र सुरू होते.

दुसरे नुकसान पापणीच्या कडेला होते. पापण्यांच्या केसांच्या लगेच मागे, डोळ्याच्या बाजूला, मायबोमियन ग्रंथींची बारीक तोंडे एका ओळीत असतात. वरच्या पापणीत अशा तीसेक आणि खालच्या पापणीत पंचवीसेक ग्रंथी असतात. त्यांतून येणारे तेल अश्रूंच्या थरावर पसरते आणि अश्रू लवकर वाळू देत नाही. चोळताना विरघळलेला मेण आणि रंग या तोंडांवर ढकलला जातो. तोंडे बंद होऊ लागली की अश्रू लवकर वाळतात. संध्याकाळी डोळे जड होणे, स्क्रीनकडे बघताना मधेच अंधुक दिसणे, वाऱ्यात डोळ्यांतून पाणी येणे ही सगळी त्याची लक्षणे असतात.

काजळ किंवा आयलाइनर पापणीच्या आतल्या ओल्या कडेला लावले तर या ग्रंथींची तोंडे थेट त्याखाली झाकली जातात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केसांच्या आतल्या बाजूला लावलेल्या आयलाइनरचे कण बाहेरच्या बाजूला लावलेल्यापेक्षा लवकर आणि जास्त प्रमाणात अश्रूंत उतरत असल्याचे दिसले. आपल्याकडे काजळ याच आतल्या कडेला भरण्याची पद्धत आहे. त्यामुळे हा मुद्दा आपल्याला जास्त लागू पडतो.

तिसरी गोष्ट डोळे जोराने चोळण्याच्या सवयीची. केराटोकोनस या आजारात कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. डोळे सतत चोळणे हा त्यातील एक महत्त्वाचा धोका मानला जातो. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात 30 वर्षांवरील लोकांच्या पाहणीत केराटोकोनसचे प्रमाण 2.3 टक्के आढळले होते. ती माहिती 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या पाहणीतील निकष कॉर्नियाच्या वक्रतेचा होता, त्यामुळे आकडा थोडा सावधपणे घ्यावा लागतो. मेकअप काढताना चोळल्याने हा आजार होतो, असे सिद्ध झालेले नाही. पण ज्यांना डोळ्यांची ॲलर्जी आहे, चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर वारंवार बदलतो आहे किंवा घरात कुणाला केराटोकोनस आहे, त्यांनी दिवसातून एकदाही डोळे चोळू नयेत, मेकअपसाठी तर नाहीच.

न चोळता मेकअप काढण्याची पद्धत

लागणारे साहित्य थोडेच आहे: योग्य रिमूव्हर, चार चपटे कॉटन पॅड, दोन इअरबड, साधे पाणी आणि स्वच्छ मऊ कापड. गुंडाळीचा सुटा कापूस वापरू नका. त्याचे तंतू मेणाला चिकटून डोळ्यात जातात.

1. हात साबणाने धुऊन पुसा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर मेकअप काढण्यापूर्वी त्या काढून ठेवा. रिमूव्हरचे तेल आणि सुटलेला रंग लेन्सवर बसला की नुसत्या सोल्यूशनने तो पूर्ण निघत नाही.

2. रिमूव्हर दोन थरांचा असेल तर बाटली चांगली हलवा. थर काही सेकंदांत पुन्हा वेगळे होऊ लागतात, म्हणून हलवल्यावर लगेच पॅडवर ओता. पॅड मधोमध पूर्ण ओला हवा, पण उचलल्यावर थेंब गळता कामा नये.

3. डोळा मिटा. पॅड पापणीवर अलगद ठेवा, त्याची खालची कड केसांच्या टोकांच्या थोडी खाली आली पाहिजे. आता 30 सेकंद थांबा. मस्काऱ्याचे दोन-तीन हात दिले असतील किंवा लग्नासाठीचा जाड मेकअप असेल तर मिनिटभर थांबा. या वेळात पॅड दाबायचा नाही, फिरवायचा नाही. तो जागेवर राहील एवढाच बोटांचा आधार द्यायचा.

4. पॅड एकदाच, हलकेच खाली ओढा. पापण्यांचे केस ज्या दिशेला उगवतात, त्याच दिशेने, मुळाकडून टोकाकडे. डावीकडून उजवीकडे पुसू नका. पॅडवर काळा पट्टा उमटलेला दिसेल. पॅड उलटा करा किंवा घडी घालून स्वच्छ भाग वर आणा आणि हेच पुन्हा करा. बहुतेक वेळा दोन-तीन फेऱ्यांत काम होते. दुसऱ्या डोळ्यासाठी नवा पॅड घ्या.

5. मुळाशी राहिलेल्या आयलाइनरसाठी इअरबड रिमूव्हरमध्ये भिजवा आणि जास्तीचा द्रव पॅडवर टिपून घ्या. डोळा मिटून, वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाजवळून बाहेरच्या बाजूने तो हलका फिरवा. खालच्या पापणीसाठी वर बघा आणि इअरबड केसांच्या बाहेरून न्या. आतल्या ओल्या कडेवर रिमूव्हर लावायचा नाही. तिथले काजळ अश्रूंबरोबर हळूहळू आतल्या कोपऱ्यात येते. लागल्यास प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या कृत्रिम अश्रूंचे दोन थेंब टाका, काही वेळ डोळे उघडमीट करा आणि कोपऱ्यात आलेला रंग ओल्या स्वच्छ कापडाने टिपा.

6. शेवटी डोळे मिटून कोमट पाण्याने आणि सौम्य, सुगंध नसलेल्या क्लिन्झरने पापण्या धुवा. रिमूव्हरवर ‘धुण्याची गरज नाही’ असे लिहिले असले तरी संवेदनशील डोळ्यांच्या व्यक्तींनी धुवावेच. राहिलेले तेल डोळ्यात उतरून नजर धूसर होते आणि राहिलेले फेस आणणारे घटक रात्रभर पापणीला लागून राहतात. नंतर कापडाने टिपा, पुसू नका.

मेकअप पूर्ण निघाला की नाही, हे ओळखायला एक साधी चाचणी आहे. पाण्याने ओला केलेला पांढरा पॅड मिटलेल्या पापणीवर ठेवून अलगद काढा. त्यावर राखाडी छटाही नसेल तर काम झाले. सकाळी आतल्या कोपऱ्यात काळा कण दिसत असेल, तर आदल्या रात्री मुळाशी काहीतरी राहिले होते. अशा वेळी पुढच्या रात्री पॅड ठेवण्याचा वेळ वाढवा, जोर वाढवू नका.

कोणता रिमूव्हर कोणासाठी?

बाजारात नावे शेकडो असली तरी डोळ्यांच्या दृष्टीने प्रकार मोजकेच आहेत.

*दोन थरांचा रिमूव्हर.* यात वर तेलकट थर आणि खाली पाण्याचा थर असतो. वॉटरप्रूफ मस्काऱ्यासाठी हा सर्वांत भरवशाचा प्रकार आहे. तेलकट थर मेण सोडवतो आणि पाण्याचा थर ते वाहून नेतो, त्यामुळे साध्या तेलापेक्षा चिकटपणा कमी राहतो. संवेदनशील डोळ्यांसाठी सुगंध आणि रंग नसलेला दोन थरांचा रिमूव्हर ही पहिली निवड असावी. अनेक रिमूव्हरमधला निळा किंवा जांभळा रंग फक्त दिसण्यासाठी असतो, त्याचा मेकअप निघण्याशी काही संबंध नसतो.

*मायसेलर वॉटर.* यात तेल पकडणाऱ्या घटकांचे अतिसूक्ष्म पुंजके पाण्यात असतात. साध्या मस्काऱ्याला आणि चेहऱ्याच्या मेकअपला ते पुरते, पण वॉटरप्रूफ थरावर कमी पडते. मग पाच-सहा पॅड लागतात आणि शेवटी चोळणे येतेच. ‘सौम्य’ म्हणून घेतलेल्या मायसेलर वॉटरने डोळे लाल होण्याचे कारण बरेचदा हेच असते. त्याची बाटली सौम्य असते, पण काम होत नाही म्हणून हात कठोर होतो.

*क्लिन्झिंग ऑइल आणि बाम.* वॉटरप्रूफ मेकअप यांनीही चांगला निघतो. कोरड्या त्वचेला हे प्रकार मानवतात. पण हे बोटांनी गोल गोल फिरवून लावण्याची सवय असते, आणि तेच डोळ्यांवर टाळायचे आहे. डोळ्यांसाठी तेही पॅडवर घेऊन, ठेवून, ओढूनच वापरा आणि पाण्याने पूर्ण धुवा. पापण्यांच्या कडा सुजण्याचा त्रास, म्हणजे ब्लेफरायटिस, असलेल्यांनी घट्ट बाम टाळलेला बरा, कारण तो कडेला साचून राहतो.

*घरातले खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली.* दोन्हींनी वॉटरप्रूफ थर सुटतो. पेट्रोलियम जेलीत सहसा सुगंध किंवा पाणी नसते, म्हणून झोंबण्याची शक्यता कमी. पण दोन्हींचा थर डोळ्यात उतरला तर बराच वेळ धूसर दिसते, आणि धुवायला सौम्य क्लिन्झर लागतोच. खोबरेल वापरायचे तर साधे, बिनसुगंधी घ्या. केसांना लावायची, आवळा, मेंथॉल किंवा सुगंध घातलेली तेले डोळ्यांजवळ अजिबात नकोत. स्वयंपाकघरातल्या किंवा बोटे बुडवलेल्या बाटलीतले तेलही घेऊ नका.

*वेट वाइप्स आणि बेबी शाम्पू.* वाइप्स म्हणजे चोळण्याचेच साधन. शिवाय त्यांतले प्रिझर्व्हेटिव्ह धुतले न जाता पापणीवर राहतात. बेबी शाम्पू डोळ्यांना झोंबत नाही म्हणून सुरक्षित वाटतो, पण त्याने वॉटरप्रूफ मेण निघत नाही आणि रोज वापरल्यास पापणीच्या कडेचे आवश्यक तेलही कमी होते.

पापण्यांवर आयलॅश एक्स्टेन्शन लावलेली असतील तर तेलकट रिमूव्हरने गोंदाची पकड सैल होऊ शकते आणि ती निघावी म्हणून ओढाताण होते. त्यावर वॉटरप्रूफ मस्कारा न लावणे हाच त्यावरचा सोपा उपाय.

लेबलवर काय बघायचे?

‘ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट टेस्टेड’, ‘हायपोॲलर्जेनिक’ किंवा ‘नॅचरल’ या शब्दांवर निवड करू नका. बाटलीच्या मागे घटकांची यादी असते, ती वाचा. सगळी नावे समजण्याची गरज नाही. दोन-तीनच शोधायची.

पहिले, सुगंध. यादीत ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘पर्फ्यूम’ असेल तर संवेदनशील डोळ्यांसाठी ती बाटली परत ठेवा. लव्हेंडर, गुलाब किंवा संत्र्याचे तेल म्हणजेही सुगंधच, तो नैसर्गिक असला तरी.

दुसरे, बेन्झाल्कोनियम क्लोराइड. हे प्रिझर्व्हेटिव्ह जंतू मारते, पण वारंवार लागल्यास अश्रूंचा थर आणि डोळ्याच्या पृष्ठभागावरील पेशी यांनाही त्रास देते. डोळे कोरडे असतील किंवा काचबिंदूचे थेंब रोज टाकावे लागत असतील तर ते टाळा, कारण काचबिंदूच्या अनेक थेंबांतही हेच प्रिझर्व्हेटिव्ह असते आणि दोन्हींचा भार एकाच डोळ्यावर पडतो.

तिसरे, डीएमडीएम हायडँटॉइन किंवा क्वाटर्नियम-15 यांसारखी फॉर्मल्डिहाइड सोडणारी प्रिझर्व्हेटिव्ह. पापण्यांवर ॲलर्जीचा इसब येणाऱ्यांनी ती टाळावीत.

प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नसलेली पाण्याची बाटलीही सुरक्षित नसते. पाणी असलेले कोणतेही उत्पादन उघडल्यावर त्यात जंतू वाढू शकतात. म्हणून बाटलीचे तोंड पॅडला टेकवू नका, उरलेले दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नका आणि उघडल्यानंतर किती महिने वापरायचे ते पाळा.

एक उदाहरण

समजा, काळेवाडीत राहणारी 27 वर्षांची एक तरुणी चाकणच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. सकाळी सहाला कंपनीची बस, दिवसभर स्क्रीन आणि भिंगाचे काम. ती आतल्या कडेला स्मज-प्रूफ काजळ, वर जेल आयलाइनर आणि मस्कारा लावते. रात्री सुगंधी वाइप्सने पुसते आणि मग फेसवॉशने चोळते. दोन महिन्यांपासून डोळे चुरचुरतात, वरच्या दोन्ही पापण्यांवर लालसर खरखरीत डाग आहेत आणि दुपारनंतर धूसर दिसते. तिने मस्काऱ्याची कंपनी दोनदा बदलली, पण फरक पडला नाही.

इथे सगळ्यात उपयोगाची माहिती म्हणजे त्रास कुठे आहे. डाग दोन्ही पापण्यांवर सारखे आणि जिथे वाइप फिरतो तिथेच आहेत. केवळ मस्काऱ्याची ॲलर्जी असती तर त्रास केसांच्या मुळाशी जास्त दिसला असता. शिवाय मस्कारा दोनदा बदलूनही फरक पडला नाही, आणि बदलली नाही ती एकच गोष्ट, वाइप्स. दुपारनंतरचे धूसर दिसणे डोळे मिचकावल्यावर क्षणभर कमी होते, म्हणजे चष्म्याच्या नंबरापेक्षा अश्रूंचा थर अस्थिर असण्याची शक्यता जास्त. डॉक्टर स्लिट लॅम्पखाली पाहतील तेव्हा ग्रंथींची तोंडे बुजलेली आणि कडेला काळे कण दिसू शकतात. म्हणजे त्रास दोन आहेत: पापणीच्या त्वचेचा वाइप्स आणि घर्षणामुळे, आणि अश्रूंचा आतल्या काजळामुळे.

यावर उपाय टप्प्याटप्प्याने करायचा. पहिले दोन आठवडे डोळ्यांचा मेकअप, वाइप्स आणि फेसवॉश तिन्ही बंद. रोज एकदा कोमट पाण्यात बुडवून पिळलेले कापड मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवायचे. ते गार झाले की पुन्हा कोमट करायचे. गरज वाटल्यास प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू. डाग गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मेकअप न लावता फक्त नवा बिनसुगंधी रिमूव्हर चार-पाच रात्री वापरून बघायचा. काही झाले नाही तर केसांच्या बाहेरच्या बाजूने आयलाइनर सुरू करायचे. आणखी एका आठवड्याने मस्कारा. एका वेळी एकच गोष्ट परत आणल्याने त्रास उलटला तर कारण लगेच कळते. आतल्या कडेचे काजळ मात्र रोजच्या वापरातून काढून सणासमारंभापुरते ठेवलेले बरे.

तिच्यासाठी आणखी एक पर्याय आहे, तो म्हणजे ट्यूबिंग मस्कारा. हा केसाभोवती पॉलिमरची बारीक नळी तयार करतो. घामाने आणि तेलाने तो पसरत नाही, पण कोमट पाण्याने भिजवला की नळीसारखा सरकून निघतो. तेलाचा रिमूव्हर लागतच नाही. पावसात भिजण्याची वेळ आली तर तो वॉटरप्रूफइतका टिकणार नाही, पण कारखान्याच्या आतल्या घामापुरता बहुतेकांना पुरतो. ज्यांना कुठलाच रिमूव्हर मानवत नाही, त्यांनी रिमूव्हर बदलत बसण्यापेक्षा मस्काऱ्याचा प्रकार बदलून बघावा.

नवा रिमूव्हर आधी कसा तपासावा?

कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर रिमूव्हर सकाळ-संध्याकाळ लावा, पाच मिनिटांनी धुवा. असे सात दिवस करा. लाली, खाज किंवा पुरळ आले तर तो डोळ्यांजवळ नेऊ नका. काही झाले नाही तर सुटीच्या आदल्या रात्री फक्त एका डोळ्यावर वापरा. हातावरच्या चाचणीने त्वचेची ॲलर्जी कळते, पण डोळ्याच्या आत झोंबेल की नाही हे कळत नाही. दुसरा डोळा तुलनेसाठी असतो. लावताना क्षणभर धूसर दिसणे चालेल, पण धुतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनीही जळजळ राहत असेल तर तो तुमच्यासाठी नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पुढीलपैकी काहीही असल्यास घरगुती उपाय करत थांबू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा:

- डोळ्यात दुखणे, उजेड सहन न होणे किंवा मिचकावूनही न जाणारे अंधुकपण
- कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असताना एक डोळा लाल होणे
- पिवळा-हिरवा पू, किंवा सकाळी पापण्या चिकटून बसणे
- मस्काऱ्याचा ब्रश किंवा नख डोळ्याला लागणे आणि त्यानंतर पाणी येत राहणे
- पापणी अचानक सुजून डोळा उघडता न येणे

रिमूव्हर डोळ्यात उडाला तर डोळा उघडा धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटे धुवा. लेन्स असेल तर ती काढा. त्यानंतरही दुखत असेल किंवा नीट दिसत नसेल तर दवाखान्यात जा, जाताना बाटली सोबत न्या.

पापण्यांवर डाग असतील, पापण्यांचे केस गळत असतील किंवा रांजणवाडी पुन्हा पुन्हा होत असेल तर त्याच दिवशी नाही, पण काही दिवसांत तपासून घ्या. जाताना मस्कारा, काजळ, रिमूव्हर, वाइप्स सगळे एका पिशवीत घालून न्या. ‘कुठलेतरी चांगल्या कंपनीचे आहे’ एवढ्या माहितीवर कारण शोधता येत नाही, घटकांच्या यादीवरून येते.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. डोळे लाल झाले म्हणून मेडिकल दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब किंवा पापणीला लावायला स्टेरॉइडचे मलम आणू नका. त्याने लाली दोन दिवसांत जाते, म्हणून ते वारंवार वापरले जाते. पण दीर्घकाळ वापरल्यास डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, आणि लालीचे मूळ कारण जंतुसंसर्ग असेल तर तो वाढतो. घरात आधीच्या कुणाच्या उपचाराची उरलेली बाटली असेल तर तीही वापरू नका.

थोडक्यात

आज रात्रीपासून एकच बदल करायचा असेल तर पॅड ठेवल्यावर तीस सेकंद मोजा. रिमूव्हर तेलकट थर असलेला आणि बिनसुगंधी घ्या, पॅड केसांच्या दिशेने खाली ओढा, शेवटी धुवा. एवढे करूनही सकाळी डोळे चुरचुरत असतील, तर आतल्या कडेचे काजळ थांबवून दोन आठवडे बघा. तरीही फरक पडला नाही, तर कारण मेकअपपलीकडचे असू शकते. मग नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या.